'पाच' म्हणाला म्हणून गेलेले गुण: तोंडी परीक्षा न्याय्य कशी घ्यायची?

खडूफळा · मंगळवार, रात्री ११:४२

मी उपनगरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात सेकंड इयर कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर शिकवते. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकल-ओरल झाली. मी इंटर्नल, दुसऱ्या कॉलेजातले एक सर एक्स्टर्नल. पंचवीस गुणांची परीक्षा, त्यातले पंधरा प्रोग्रॅम करून दाखवायचे आणि दहा तोंडीचे, अशी आम्ही दोघांनी सकाळी चहा घेताना वाटणी केली होती. साठ मुलं, वीस-वीसच्या तीन बॅच, सगळं एका दिवसात. गणित करा, तोंडीला प्रत्येकी पाच मिनिटं धरली तरी सरळ पाच तास होतात.

दुसऱ्या बॅचमधला एक मुलगा आसनगावहून येतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मागच्या बाकावर बसतो, पण वहीत काम चोख. त्याला सर्क्युलर क्यूची चिठ्ठी आली, म्हणजे शेवटची जागा संपली की पुन्हा पहिल्या जागेवर वळणारी रांग; तिचं पुढचं टोक फ्रंट, मागचं रिअर. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला. मग एक्स्टर्नल सरांनी स्क्रीनवरच्या या ओळीवर बोट ठेवलं:

```c
if ((rear + 1) % MAX == front)
    printf("Queue is full");
```

आणि विचारलं, "मॅक्स पाच आहे. क्यूमध्ये जास्तीत जास्त किती आयटम बसतील?"

मुलगा म्हणाला, "पाच."

सर म्हणाले, "नीट विचार कर." तो गप्प. सर म्हणाले, "एक जागा रिकामी ठेवावी लागते ना? नाहीतर रिकामा क्यू आणि भरलेला क्यू ओळखणार कसा?" तो म्हणाला, "हो सर. चार." पुढचे दोन प्रश्न त्याने अर्धवट सोडले, आवाजच बसला होता. सरांनी मला विचारलं, "तीन देऊ या?" मी घड्याळाकडे बघितलं, बाहेर तेरा मुलं उभी होती, आणि मी हो म्हटलं.

रात्री जर्नलं तपासताना त्याचा प्रोग्रॅम पुन्हा समोर आला. त्याने सुरुवात अशी केली होती:

```c
int front = -1, rear = -1;
```

म्हणजे रिकामा क्यू तो उणे एकवरून ओळखतो. त्याचा रिअर शेवटच्या आयटमवर असतो, पुढच्या रिकाम्या जागेवर नाही. अशा क्यूत पाचही आयटम बसतात. मी कागदावर भरून बघितले: शून्यापासून चारपर्यंत पाच आयटम आत, मग रिअर चार, फ्रंट शून्य, आणि तेव्हा कुठे ती 'फुल'ची अट खरी ठरते. सरांच्या डोक्यात होता तो दुसरा प्रकार, दोन्ही शून्यापासून सुरू होणारा. त्यात खरंच चारच बसतात. गंमत अशी की 'फुल'ची ओळ दोन्हीकडे अक्षरशः सारखीच आहे.

आणि हे मीच शिकवलंय. उणे एकवालाच प्रकार.

याहून वाईट म्हणजे तिसऱ्या बॅचमधल्या एका मुलीला तोच प्रश्न आला. ती म्हणाली "चार", तिला दहापैकी आठ. तिचा प्रोग्रॅम? तोही उणे एकवाला.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? आणि पुढच्या सेमिस्टरला माझ्या हातात जेवढं आहे त्यात काय बदलता येईल? मुलांना कसं तयार करायचं, तेही सांगा. 'कॉन्फिडन्स वाढवा' सोडून काहीही चालेल.

आईसाहेब_मुलुंड · बुधवार, सकाळी ७:१५

माझ्या मुलीची तिसरीची तोंडी आहे सोमवारी. घरी सगळं येतं, बाईंसमोर गेली की बोलत नाही. मी तिला रोज आरशासमोर उभी करतेय. बरोबर करतेय ना?

खडूफळा · बुधवार, सकाळी ७:५०

धागा कॉलेजचा आहे ताई, पण उत्तर बहुधा एकच. आरशापेक्षा शेजारच्या काकूंसमोर उभी करा. आरसा प्रश्न विचारत नाही.

निवृत्त_मास्तर · बुधवार, सकाळी ९:०५

मॅडम, मी इलेक्ट्रॉनिक्सचा, पण अठ्ठावीस वर्षं मुंबईभर एक्स्टर्नल म्हणून फिरलोय. तुमच्या त्या सरांनी जे केलं ते मीही केलेलं आहे, म्हणून सांगतो. त्यात आकस नसतो. चाळिसाव्या मुलापर्यंत पोचलेला माणूस समोरचा प्रोग्रॅम वाचतच नाही, तो आपल्या कॉलेजात शिकवतो तो प्रोग्रॅम वाचतो. एक ओळखीची ओळ दिसली की बाकीचं डोकं भरून काढतं.

यावर माझा एकच उपाय टिकला. पहिला प्रश्न नेहमी मुलाच्या प्रोग्रॅमचा करार काय आहे हे विचारणारा. तुमच्या बाबतीत: "तुझा रिअर कशाकडे बोट दाखवतो, शेवटच्या आयटमकडे की पुढच्या मोकळ्या जागेकडे?" बस. या एका प्रश्नानंतर एक्स्टर्नलही त्याच पानावर येतो आणि मुलगाही. उत्तर मिळालं की आकडे द्यायचे: "मॅक्स पाच, फ्रंट तीनवर, रिअर एकवर. आत किती आहेत?" तुमच्या मुलाच्या पद्धतीने चार: तीन, चार, शून्य, एक. दुसऱ्या पद्धतीने तीन. दोन्ही बरोबर, ज्याच्या त्याच्या करारानुसार. मग तिसरा: "अजून एक घाल. आता काय होईल?" दोन्हीकडे क्यू भरला, कारण रिअर दोनवर गेला आणि त्याच्यापुढे फ्रंट आहे.

आता त्या मुलीचं बघा. तिला 'किती बसतील' याचं उत्तर बाहेरून मिळालं असणार, अगदी शंभर टक्के. पण 'फ्रंट तीनवर, रिअर एकवर'चं उत्तर बाहेर उभं राहून पाठ करता येत नाही, कारण पुढच्या मुलाला मी फ्रंट चारवर ठेवणार.

टीई_कॉम्प्स · बुधवार, सकाळी १०:३०

सर बरोबर बोलले. मी विद्यार्थी आहे, थर्ड इयर, सत्य सांगतो. पहिल्या बॅचचा मुलगा बाहेर आला की आम्ही त्याला वडापावच्या गाडीसारखे घेरतो. 'काय विचारलं, काय विचारलं.' दहा मिनिटांत सगळं ग्रुपवर. एक्स्टर्नलचं नाव कळलं तर त्यांच्या कॉलेजातल्या मित्रांकडून आवडते प्रश्न आदल्या रात्रीच येतात. त्यामुळे रोल नंबर एकला सगळ्यात जास्त त्रास आणि रोल नंबर साठला सगळ्यात कमी. ज्याचं आडनाव 'अ'वरून, त्याने काय पाप केलं? आमच्या वर्गातला एक आगाशे आहे, तो दर सेमिस्टरला पहिला जातो.

पण मास्तर, दुसरी बाजूही आहे. शेवटच्या बॅचला सर दमलेले असतात. कधी पटापट सोडतात, कधी चिडतात. ते लॉटरीसारखं असतं.

ॲड_कचेरी · बुधवार, दुपारी १:२०

यावर सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट निकाल आहे आणि कोणालाच माहीत नाही याचं आश्चर्य वाटतं. अजय हासिया, १९८१. तोंडीला एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त वजन देणं मनमानी आहे. तुमच्याकडे पंचवीसपैकी दहा, म्हणजे चाळीस टक्के. ही परीक्षाच बेकायदेशीर आहे. मुलाने कोर्टात जावं.

निवृत्त_मास्तर · बुधवार, दुपारी २:१०

वकीलसाहेब, निकाल खरा आहे, लागू चुकीच्या जागी करताय. ते प्रकरण श्रीनगरच्या रीजनल इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचं होतं. लेखी शंभर, मुलाखत पन्नास. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न आई-बाप कोण, राहता कुठे असले. न्यायालयाने प्रवेशासाठी मुलाखतीला इतकं वजन देणं चुकीचं ठरवलं. शिकवलेल्या विषयाची प्रॅक्टिकल परीक्षा ही वेगळी गोष्ट. तिथे मुलगा आधीच प्रवेश घेऊन बसलाय आणि त्याला येतं की नाही एवढंच बघायचंय.

पण त्याच निकालात एक वाक्य आहे ते या धाग्याच्या कामाचं: मुलाखत टेपवर रेकॉर्ड करणं इष्ट, म्हणजे मनमानी झाली का ते नंतर तपासता येईल. आता मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे.

ॲड_कचेरी · बुधवार, दुपारी २:३५

प्रवेशाचं प्रकरण होतं हे मान्य. पण तत्त्व तेच. दोन मिनिटांत कोणाची पारख होते?

सायनकर_डॉक्टर · बुधवार, रात्री ९:४८

मेडिकलवाला मध्ये तोंड घालतोय. आमच्याकडे व्हायवाने माणसं रडवली आहेत, त्यामुळे या विषयावर आम्ही पीएचडी आहोत.

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या हार्डन यांनी ओएससीई ही पद्धत मांडली. एका परीक्षकासमोर एक मोठी तोंडी घेण्याऐवजी दहा-बारा छोटी स्टेशन्स, प्रत्येक ठिकाणी वेगळं काम आणि वेगळा परीक्षक, घंटा वाजली की पुढे. सगळ्यांना तेच प्रश्न, तीच चेकलिस्ट. एक परीक्षक कडक निघाला तरी त्याचा फटका एकाच स्टेशनपुरता. हा मुद्दा लक्षात घ्या: एकच प्रश्न खोलात विचारल्याने पारख पक्की होत नाही, वेगवेगळे प्रश्न आणि वेगवेगळी माणसं वाढवल्याने होते. तुमच्या मुलाचं पूर्ण भवितव्य एका क्यूवर टांगलं होतं. त्याला लिंक्ड लिस्ट मिळाली असती तर कदाचित नऊ मिळाले असते.

तोटाही सांगतो. चेकलिस्टमुळे मुलं चेकलिस्टच पाठ करतात. 'पेशंटला नमस्कार केला: एक गुण.' मग नमस्कार करतात आणि पेशंटकडे बघतही नाहीत. आणि चेकलिस्टवर 'का?' विचारायला जागा नसते. जुन्या तोंडीत चांगल्या परीक्षकाला मुलगा कुठे अडतोय ते बोट लावून कळायचं, ते गेलं.

आणखी एक, फार जुनं उदाहरण. १९३५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी सोळा उमेदवारांची तोंडी दोन वेगवेगळ्या मंडळांकडून घेतली. एका मंडळाने पहिला ठरवलेला उमेदवार दुसऱ्या मंडळाकडे तेरावा आला. उमेदवार तेच, मंडळ फक्त वेगळं. माझ्या एमडीच्या तोंडीनंतर हे वाचलं तेव्हा बरं वाटलं होतं.

शाळाबाई · गुरुवार, सकाळी ६:५५

शाळेतलं एक. आमच्याकडे तोंडीचा प्रश्न उलटा आहे, कोणी नापास होतच नाही. दहावीला भाषांचे वीस गुण शाळेकडे. २०१९ ला ते काढून घेतले आणि निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. बोंबाबोंब झाली, पुढच्या वर्षी वीस गुण परत. सगळी घसरण त्यामुळेच असं नाही, तेव्हा अभ्यासक्रमही बदलला होता. पण तोंडीला आम्ही खिरापत वाटतो हे आम्हालाही माहीत आहे. त्यामुळे मुलं अकरावी-बारावीपर्यंत खऱ्या तोंडीला कधी सामोरीच जात नाहीत, आणि मग थेट तुमच्या त्या एक्स्टर्नल सरांसमोर.

खडूफळा · गुरुवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. आज मी त्या मुलाला बोलावलं. त्याला विचारलं, "तू पाच म्हणालास तेव्हा तुला खात्री होती का?" तो म्हणाला, "होती मॅडम. मी घरी पाच घालून बघितले होते." मग चार का म्हणालास? "सर मोठे आहेत. वाद नको वाटला."

म्हणजे त्याला उत्तर येत होतं, ते धरून ठेवायला येत नव्हतं. आणि ते मी कधी शिकवलंच नाही.

मास्तर, तुमची 'करार'वाली कल्पना मी सरळ उचलते. पण दहा गुणांचं वाटप कसं करायचं? आणि वेळेचं काय?

निवृत्त_मास्तर · शुक्रवार, सकाळी ८:४०

माझं वाटप असं असायचं. पहिला प्रश्न स्वतःच्या प्रोग्रॅमचा, दोन गुण. दुसरा आकडे देऊन चालवून दाखवायचा, चार गुण. तिसरा बदलाचा, चार गुण: "आता मला पुढच्या टोकाकडूनही आयटम घालायचा आहे, तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठे हात लावशील?" एकेका पायरीला न मदत घेता उत्तर आलं तर पूर्ण गुण. मी एक सूचना दिली आणि मग आलं तर अर्धे. सूचना दिली की कागदावर लगेच टिंब मारायचं, नाहीतर चाळिसाव्या मुलापर्यंत आपण कोणाला किती हात दिला ते विसरतो. आणि बघा, टिंब मारताना लक्षात येतं की इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाला आपण आपोआप जास्त हात देतो.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. दोघांनी गुण आपापल्या कागदावर आधी लिहायचे, मग बोलायचं. "तीन देऊ या?" हे वाक्यच यायला नको. ते आलं की दुसरा माणूस संपला. तुम्ही आधी कागदावर पाच लिहिले असते तर बोलणं झालं असतं, आणि बोलण्यात प्रोग्रॅम पुन्हा बघितला गेला असता. फरक दोनपेक्षा जास्त असेल तर मुलगा खोलीत असतानाच अजून एक प्रश्न.

वेळ: तीन प्रश्नांना आठ मिनिटं लागतात, साठांना आठ तास. होत नाही. म्हणून पहिला प्रश्न प्रोग्रॅम चालू असतानाच, मुलाच्या खुर्चीपाशी उभं राहून विचारायचा. तिथे नाही तरी आपण फेऱ्या मारतच असतो. मग टेबलावर दोनच उरतात.

कुर्ला_लेक्चरर · शुक्रवार, सकाळी ११:१५

मास्तर, कुठल्या जगात आहात? एक्स्टर्नल साडेअकराला येतात, दोनला त्यांना दुसऱ्या कॉलेजात जायचं असतं. तुमचे दोन वेगळे कागद? आमच्याकडे मार्कशीटवर आकडे पेन्सिलने आधीच भरलेले असतात, टर्मवर्कच्या गुणांकडे बघून. ओरल म्हणजे सही गोळा करणं.

निवृत्त_मास्तर · शुक्रवार, दुपारी १२:००

हेही माहीत आहे. पेन्सिलचे आकडे मीही बघितलेत. मी असल्या दोन ठिकाणी सही न करता बसून राहिलो होतो. तिसऱ्या वर्षी मला तिकडे बोलावणं आलं नाही, एवढंच.

ठाणेकर९७ · शुक्रवार, दुपारी ३:३०

मी अडखळत बोलतो. लहानपणापासून. 'क' आणि 'प'ला अडकतो, म्हणजे 'क्यू'ला आणि 'पॉइंटर'ला, बघा नशीब. कॉलेजात सहा सेमिस्टर ओरलला कमी गुण घेतले, कारण परीक्षक वाक्य पूर्ण व्हायच्या आत पुढचा प्रश्न विचारायचे किंवा माझं वाक्य स्वतः पूर्ण करायचे, आणि तेही चुकीचं. सातव्या सेमिस्टरला एका मॅडमनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाल्या, "बोलू नकोस, काढून दाखव." मी बायनरी ट्रीचं डिलीशन काढून दाखवलं. दहापैकी नऊ.

मागच्या वर्षी त्यांना भेटलो तर त्यांना ते आठवतही नव्हतं. म्हणून म्हणतो, कागद सगळ्यांसमोरच ठेवा, मागायची वेळ येऊ देऊ नका. मागितलं की ती सवलत होते.

सायनकर_डॉक्टर · शुक्रवार, रात्री १०:०५

ठाणेकर, हे सगळ्यांनाच लागू आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात वर्गातले संवाद टेप करून मोजले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबायचे. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण परीक्षकाच्या खुर्चीत बसून मोजून बघा, युग वाटतं. मी टेबलाखाली बोटं मोजतो.

टीई_कॉम्प्स · शुक्रवार, रात्री १०:४०

मॅडम, तयारीबद्दल. आमच्याकडे सेमिस्टरच्या शेवटी एक 'मॉक व्हायवा' असते. एका दिवसात सगळे, सर विचारतात 'डेफिनेशन सांग', आम्ही सांगतो. त्याचा काही उपयोग होत नाही. मला उपयोग झाला तो रूममेटचा. तो मेकॅनिकलचा. त्याला क्यू कळेपर्यंत तो 'पण का?' विचारत राहिला. त्याला काही येत नव्हतं म्हणूनच तो भारी एक्स्टर्नल होता.

खडूफळा · रविवार, रात्री ९:३०

शनिवारी पुढच्या बॅचबरोबर करून बघितलं, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रॅक्टिकलच्या शेवटची पंधरा मिनिटं काढून ठेवली. जोड्या केल्या. एकाने दुसऱ्याचा प्रोग्रॅम हातात घ्यायचा (स्वतःचा नाही) आणि तीन प्रश्न विचारायचे: करार, आकडे, बदल. उत्तर देणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, कोऱ्या कागदावर काढायचं. मग अदलाबदल. पहिली पाच मिनिटं नुसती खीखी. मग एका मुलीने तिच्या जोडीदाराला विचारलं, "तू डिलीट करताना फ्रंट आणि रिअर सारखे झाले की काय करतोस?" तो म्हणाला, "काही नाही." त्याने कागदावर चालवलं आणि कळलं की शेवटचा आयटम काढल्यावर दोन्ही परत उणे एकवर न्यायला तो विसरलाय, म्हणून त्याचा क्यू कधीच रिकामा होत नाही. प्रोग्रॅम महिनाभर 'बरोबर' होता, जर्नलात माझी सही होती. मी पण विसरले होते तपासायला.

वाक्यं शिकवली, आणि ती फळ्यावर लिहिली. "माझ्या प्रोग्रॅममध्ये असं आहे, म्हणून…" हे एक. "मला आठवत नाही, पण काढून बघतो" हे दुसरं. आणि तिसरं, सगळ्यात अवघड: "सर, मी एकदा आकडे घालून दाखवू का?" हे त्या आसनगावच्या मुलासाठी. तो म्हणाला असता, "सर, पाच घालून दाखवू का?" तर एक्स्टर्नल सरांनी नाही म्हटलं असतं असं मला वाटत नाही. मुलांनी ही वाक्यं एकमेकांना मोठ्याने म्हणून बघितली. नाटकाच्या तालमीसारखं झालं, पण चाललं.

भाषेचं असं ठरवलं की सराव मराठीत किंवा हिंदीत सुरू करायला हरकत नाही. 'रिअर आता शेवटच्या आयटमवर आहे, मग एक पुढे सरकवला' हे वाक्य डोक्यात पक्कं झालं की तेच इंग्रजीत म्हणायचं. विचार आणि इंग्रजी दोन्ही एकाच वेळी करायला लावलं की दोन्ही पडतं. अर्थात प्रत्यक्ष परीक्षेत एक्स्टर्नल मराठीत उत्तर घेतील की नाही हे माझ्या हातात नाही. काही घेतात, काही कपाळाला आठ्या घालतात.

कुर्ला_लेक्चरर · रविवार, रात्री १०:१०

सगळं छान. पण पंधरा मिनिटं कुठून आणली? आमच्याकडे दोन तासांत दहा प्रयोग बसवायचेत.

खडूफळा · रविवार, रात्री १०:२२

दोन प्रयोग एकत्र केले. स्टॅकचे दोन वेगळे होते, एक केला. एचओडींना सांगितलेलं नाही.

ॲड_कचेरी · रविवार, रात्री ११:००

आणि त्या मुलाचे तीन गुण? त्याचं काय झालं?

खडूफळा · सोमवार, सकाळी ६:४०

प्राचार्यांकडे गेले होते. लेखी पेपरला रीव्हॅल आहे, तोंडीला नाही. मार्कशीट गेलेली आहे, दोघांच्या सह्या आहेत, त्यातली एक माझी. ते म्हणाले, मुलगा पास आहे ना? आहे. मग? मी एक्स्टर्नल सरांना फोन केला. त्यांना तो मुलगा आठवत नव्हता, पण दोन्ही प्रकारचा क्यू समजावून सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "खरंय. आमच्याकडे शून्यापासूनच शिकवतात." मग म्हणाले, पुढच्या वेळी येईन तेव्हा आधी तुमच्या जर्नलातला एक प्रोग्रॅम मला मेल करून ठेवा.

निवृत्त_मास्तर · सोमवार, सकाळी ८:१५

मेल करा. आणि प्रिंट पण टेबलावर ठेवा, मेल कोणी उघडत नाही.

आईसाहेब_मुलुंड · सोमवार, दुपारी १२:५०

खडूफळाताई, शेजारच्या काकूंसमोर चार दिवस उभी केली. आज बाईंसमोर बोलली! सतराचा पाढा मात्र अडकला. बाई म्हणाल्या, "विचार कर", आणि तिने विचार केला.

टीई_कॉम्प्स · सोमवार, दुपारी १:०५

किती सेकंद?